विजेचा रकाना वाचताना

जुन्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत चिखली तालुक्यातल्या अमडापूरची ओळ सापडली, की विजेच्या रकान्यापाशी थांबा. तिथे ‘ईडी’ (आजची नव्हे!) म्हणजे घरगुती वीज आणि ‘ईएजी’ म्हणजे शेतीची. हा फरक महत्त्वाचा, कारण १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कशासाठीही वीज वापरली, तर गाव ‘विद्युतीकृत’ धरलं जाई. शिवारातला एक पंपही पुरे! २००४ पासून इतर अटींसोबत किमान १० टक्के घरांत वीज लागते. शाळा, पाणी, रस्ता यांचंही तसंच: सोय गावात आहे एवढं कळतं, कुणाच्या दारात पोचली ते नाही. घरोघरचं हवं असेल, तर २०११ च्या घरयादीतला दिवाबत्तीचा तक्ता उघडा आणि गाव-निर्देशिकेशेजारी ठेवा.