इद्दत आणि बांगड्या: शरीयतचा हुकूम कुठे संपतो, रिवाज कुठे सुरू होतो

घरातून जनाजा उचलायच्या वेळी आतल्या खोलीत बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. एखादी वयस्कर बाई, बहुधा स्वतः बेवा असलेली, पुढे येते आणि नवरा गेलेल्या बाईच्या हातातल्या बांगड्या फोडते. मग गळ्यातला लच्छा किंवा काळी पोत काढली जाते आणि अंगावर सफेद ओढणी येते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, कोकणातून आलेल्या घरांत आणि घाटावरून आलेल्या घरांतही, हे कमीजास्त फरकाने दिसतं. विचारलं की उत्तर मिळतं, "इद्दत आहे ना, दीनचा हुकूम आहे." यातला किती भाग दीनचा आहे आणि किती आपल्या मुलखाचा, ते इथे वेगळं करून मांडतो.

हुकूम काय आहे

सूरह बकराच्या आयत 234 मध्ये बेवा बाईची मुदत चार महिने दहा दिवस सांगितली आहे. ती पोटुशी असेल तर सूरह तलाकच्या आयत 4 प्रमाणे मुदत बाळंतपणापर्यंत असते. या काळात ती दुसरा निकाह करत नाही, राहत्या घरातच मुक्काम ठेवते आणि सजणं सोडते. सजणं म्हणजे दागिने, अत्तर, शोभेचा सुरमा, मेहंदी आणि नटण्यासाठी घालतात ते भडक कपडे.

बांगड्या काढून ठेवायच्या आहेत, फोडायच्या नाहीत. फोडण्याचा हुकूम कुठेच नाही. उलट चांगली वस्तू तोडून टाकणं हा इसराफ झाला. काचेचा तुकडा मनगटात घुसतो, आणि ज्या क्षणी तिला धरून बसायला हवं त्या क्षणी तिच्या अंगाशी झटापट होते. बऱ्याच बायकांना नवऱ्याच्या मय्यतीतलं पुढे काही आठवत नाही, पण तो काचेचा आवाज आठवतो.

सफेद कपड्यांचंही तसंच. शरीयतने रंग ठरवून दिलेला नाही. रोजच्या वापरातला साधा, जुना रंगीत कुर्ता चालतो, आणि भारी, चमकदार सफेद जोडा मात्र सजण्यातच मोडतो. आंघोळ, साबण, केस विंचरणं, नखं कापणं, डोळ्यांत औषध घालणं यांना मनाई नाही. आरशात पाहू नये, चांद पाहू नये, फोनवर बोलू नये, अंधाऱ्या खोलीत बसावं, पोटुशी बाईसमोर येऊ नये, या सगळ्या सांगीवांगी गोष्टी आहेत.

पडद्याबाबतही गैरसमज आहे. ज्याच्यापासून आधी पडदा नव्हता त्याच्यापासून इद्दतमध्ये नवा पडदा सुरू होत नाही. सासरे आधीही महरम होते, आताही आहेत. दीर आणि जेठ आधीही महरम नव्हते. वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्या घरांत हे माहीत नसल्यामुळे बाईला चार महिने मोरीशेजारच्या कोपऱ्यात कोंडलं जातं.

दिवस कसे मोजायचे

इद्दत मृत्यूच्या क्षणापासून सुरू होते. दफन, जियारत किंवा चाळिसाव्यापासून नाही. नवरा आखातात वारला आणि मय्यत दहा दिवसांनी आली, तरी ते दहा दिवस इद्दतमध्ये धरले जातात. खबर उशिरा कळली तरी हिशेब मृत्यूच्या दिवसापासूनच होतो. आपल्याकडे यात चूक होते आणि बाईचे दिवस विनाकारण वाढतात.

महिने चांदचे धरायचे. मृत्यू चांदच्या पहिल्या तारखेला झाला तर हिशेब सरळ आहे. मधल्या तारखेला झाला तर मसलक पाहावा लागतो, कारण आपल्यात कोकणी घरं बहुतेक शाफई आहेत आणि घाटावरची बहुतेक हनफी.

समजा, घाटकोपरच्या एका घरात 12 रजबला दुपारी नवरा वारला. त्या वर्षी रजब 30 दिवसांचा, शाबान 29, रमजान 30 आणि शव्वाल 29 दिवसांचा होता. इमाम अबू हनीफांच्या कौलाप्रमाणे सरळ 130 दिवस मोजले तर मुदत 24 जिलकादला दुपारी संपते. शाफई हिशेबात मधले तीन महिने चांदप्रमाणे धरतात आणि फक्त तुटलेला पहिला महिना 30 दिवसांचा पुरा करतात. रजबचे 18 दिवस आणि जिलकादचे 12 मिळून तो पुरा होतो, त्यावर 10 दिवस. म्हणजे मुदत 22 जिलकादला संपते. माहेर शाफई आणि सासर हनफी असेल तर या दोन दिवसांवरून वाद होतो. पहिल्याच आठवड्यात आपल्या मस्जिदीच्या आलिमकडून तारीख लिहून घेतली तर तो टळतो.

नोकरी आणि बाहेरची कामं

समजा, त्याच घरातली बाई एका दुकानात कामाला आहे, दोन मुलं शाळेत आहेत आणि दुसरा कमावता कोणी नाही. तिला चार महिने घरी बसवलं तर चूल बंद होते. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत बेवा बाईला गरजेपोटी दिवसा बाहेर जायची मुभा आहे. रात्री मुक्कामाला घरी यायचं. कमाई, दवाखाना, आणि बँकेत तिच्याच सहीची गरज असेल तर तेही गरजेत येतं. घर असुरक्षित असेल किंवा मालकाने भाड्याची मुदत संपल्यावर खाली करायला लावलं, तर दुसरीकडे जाऊन इद्दत पुरी करता येते. लग्नकार्य, फिरणं, नुसत्या भेटीगाठी मात्र या मुभेत येत नाहीत.

ही मुभा ठाऊक नसल्यामुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. काहींची नोकरी जाते. काहीजणी जातात, पण चोरून, मनात गुन्हा केल्याची भावना घेऊन.

मुदत संपल्यावर

खरा प्रश्न चार महिने दहा दिवसांनंतरचा आहे. आयत 234 मध्येच पुढे म्हटलं आहे की मुदत पुरी झाल्यावर तिने स्वतःबाबत रीतीने जे केलं त्याचा तुमच्यावर दोष नाही. सुबैआ अस्लमिया या सहाबिया बाईचे शौहर साद बिन खौला हज्जतुल विदाच्या वेळी वारले. काही दिवसांतच त्या बाळंत झाल्या आणि निकाहच्या पैगामासाठी सजल्या. अबू सनाबिल यांनी त्यांना टोकलं. त्या थेट रसूलुल्लाह ﷺ यांच्याकडे गेल्या आणि आपण मोकळ्या झालो आहोत, निकाह करू शकतो, हा जबाब घेऊन आल्या.

आपल्याकडे मात्र सफेद ओढणी वर्षानुवर्षं उतरत नाही. सख्ख्या मुलीच्या हळदी-मेहंदीत आई मागे उभी राहते, कारण बेवाचा हात पहिला लागू नये. हा समज कुरआनात नाही, हदीसमध्ये नाही. बायको वारलेल्या पुरुषाला मात्र कुठल्याच समारंभात मागे उभं करत नाहीत.

हा रिवाज आपल्या मुलखाचा आहे, आणि मुलखानेही त्यावर बोट ठेवलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तेव्हा ग्रामविकास खातं हसन मुश्रीफ यांच्याकडे होतं. हेरवाडला एक जुनी रीत मोडावी लागली. आपल्याला बांगड्या न फोडण्यासाठी कुठलाही हुकूम मोडावा लागत नाही.

पुढच्या वेळी आपल्या इमारतीत मय्यत झाली तर आतल्या खोलीतल्या खाला-फुफूंनी एवढं करावं: बांगड्या हळूच, तेल किंवा साबण लावून उतरवाव्यात आणि रुमालात बांधून तिच्याच कपाटात ठेवाव्यात. मुदत संपली की तो रुमाल सोडायचा की नाही, ते तिचं तिला ठरवू द्यावं.