लूत म्हणजे नेमकं काय?

विंचूरला कुत्र्याचे केस झडू लागले की एकच शब्द ऐकू येतो, ‘लूत लागली.’ या एका शब्दात तीन वेगळे आजार दडलेले असतात. दोन सूक्ष्म किडींमुळे होतात (सार्कोप्टिस आणि डेमोडेक्स), तिसरा बुरशीमुळे, म्हणजे गजकर्ण.

समजा, कांद्याच्या चाळीवर राखणीला आणलेलं चार महिन्यांचं पिल्लू आहे. डोळ्याभोवती आणि पुढच्या पायावर गोल चट्टे पडलेत, पण ते फारसं खाजवत नाही. चट्टा गोल म्हणून घरातली गजकर्णाची ट्यूब लावली जाते. माझ्या मते चूक इथेच होते. कुत्र्यात डेमोडेक्सचे किंवा साध्या जिवाणूंचे चट्टेही गोल दिसतात. शिवाय अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते. मग बुरशी असो वा डेमोडेक्स, दोघांनाही रान मोकळं.

खाज हा चांगला दुवा आहे. सार्कोप्टिसमध्ये कुत्र्याला चैन पडत नाही. कानाच्या कडा आणि कोपरं खपल्यांनी भरतात, कानाची कड चोळली की मागचा पाय आपोआप हलू लागतो. गजकर्णात आणि सुरुवातीच्या डेमोडेक्समध्ये खाज बहुधा कमी असते. त्यामुळे आपल्या पिल्लाबाबत हा दुवा तोकडा पडतो.

अशा वेळी डॉक्टर चट्ट्याची त्वचा चिमटीत दाबतात आणि बोथट पात्याने रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडतात. सूक्ष्मदर्शकाखाली बिडीसारख्या लांबट, आखूड पायांच्या किडी आणि त्यांची अंडी भरपूर दिसली, की डेमोडेक्स ठरला. सार्कोप्टिसचं तसं नाही. तो वरवरच्या थरात असतो आणि रुंद खरवडूनही अनेकदा हाती लागत नाही. ‘काही सापडलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं तिथे म्हणता येत नाही, म्हणून लक्षणं जुळली तर औषध देऊन पाहतात.

बुरशीसाठी चट्ट्याच्या कडेचे केस उपटून तपासतात. निळसर दिव्याखाली हिरवे चमकणारे केस दिसले तर मायक्रोस्पोरम कॅनिसचा संशय बळावतो, पण त्याचेही सगळे प्रकार चमकत नाहीत. पक्कं उत्तर कल्चरमधून मिळतं, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

फरक उपचारातही आहे. किडी मारणारी गोळी बुरशीला काही करत नाही आणि इट्राकोनाझोल किडींना. डेमोडेक्स माणसाला लागत नाही. सार्कोप्टिस असेल तर घरातल्या सगळ्याच कुत्र्यांवर उपचार करावे लागतात. गजकर्ण पोरांना सहज लागतं, शिवाय गळलेल्या केसांतले बीजाणू गोणपाटावर महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा पिल्लाचं अंथरूणही बदलावं लागतं.

केस परत आले म्हणून औषध थांबवायचं नसतं. डेमोडेक्समध्ये महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून किडी सापडल्या नाहीत, की मगच औषध बंद होतं.