भरती थांबते तिथे बंदर

दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे बंदर. पंधराव्या शतकात ते बहमनी राज्याचे समुद्राकडचे मोठे दार होते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासाला याच बंदरातून निघाला, आणि इजिप्त, अरबस्तान, खुरासान इथले घोडे येथे उतरतात असे त्याने लिहून ठेवले. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी दाभोळ जाळले. इतिहासाच्या पुस्तकांत दाभोळची गोष्ट बहुधा अशीच, समुद्राच्या बाजूने सांगितलेली असते. पण दाभोळला उतरलेला घोडा बिदरला कसा पोहोचत होता, हे विचारले की लक्ष आपोआप खाडीच्या दुसऱ्या टोकाकडे जाते. तिथे चिपळूण आहे, समुद्रापासून खाडीच्या वाटेने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आत, आणि तेही बंदरच होते. इतक्या आत बंदर का असावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या विदर्भातल्या वाचकाला नदी म्हटले की लांब वाहणारे पाणी आठवते. नागपूरच्या नाग नदीत पडलेला थेंब कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळतो. खुद्द गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असतो, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. सह्याद्रीचा माथा हा पाणी वाटून देणारा कडा आहे. त्याच्या पश्चिमेला पडलेले पाणी एकदम खाली कोसळते आणि चाळीस-साठ किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीतून समुद्राला मिळते. वाशिष्ठी ही अशीच आखूड नदी. पावसाळ्यात तिच्यात होडी टिकणार नाही इतके पाणी, आणि एरवी डोंगराकडच्या भागात होडी तरंगणार नाही इतके थोडे.

म्हणून कोकणात जहाज वाहून नेण्याचे काम नदीने नव्हे, तर भरतीने केले. दिवसातून दोनदा समुद्र खाडीत शिरतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी दोन-अडीच मीटर चढते, भांगाच्या दिवसांत त्याहून बरेच कमी. मचवे आणि पडाव भरती लागली की तिच्याबरोबर आत निघत, ओहोटी सुरू झाली की नांगर टाकून थांबत आणि पुढच्या भरतीला पुन्हा सुटत. जिथे भरतीचा जोर संपतो तिथे माल उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. चिपळूणजवळ गोवळकोटचा धक्का नेमका अशा ठिकाणी आहे. सावित्रीवरचे महाड, अर्जुनेवरचे राजापूर आणि पुढे खारेपाटण हीदेखील अशीच भरतीच्या टोकाची गावे. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली. ती वखारही अशीच खाडीत खूप आत होती.

भरतीची ही सीमा आजही डोळ्यांनी ओळखता येते. खाडीकाठाने वर जात राहिले की तिवर आणि चिपी विरळ होत संपतात, काठच्या विहिरींचे पाणी मचूळ लागेनासे होते, आणि चिखलाच्या जागी गोटे दिसू लागतात. मुखापाशी एक राखणारे ठाणे, टोकाला एक उतरण्याचे गाव आणि त्याच्या पाठीशी एक घाट, अशी ही रचना असते. वाशिष्ठीच्या बाबतीत अंजनवेलचा गोपाळगड, चिपळूण आणि कुंभार्ली घाट. घाट चढून हेळवाकला गेले की कोयनेच्या काठाने कऱ्हाडची वाट लागते. मीठ, नारळ, सुके मासे बैलांच्या पाठीवरून वर जात. धान्य, गूळ, कापूस खाली येई.

धान्य खाली येई, हे मुद्दाम सांगायला हवे. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखाला घाटावरचे धान्य का लागावे? भंडारा-गोंदियाचा धान पिकवणारा शेतकरी पाणी अडवतो. तिथले मालगुजारी तलाव त्यासाठीच आहेत. कोकणातल्या भातशेतीचे दुखणे याच्या उलट आहे. पाणी चार महिन्यांत येते आणि उतारावरून माती घेऊन जाते. आपण ज्याला पऱ्हे आणि रोवणी म्हणतो, त्याला तिकडे तरवा आणि लावणी म्हणतात. लावणीजोगी सपाट जमीन दरीच्या तळाशी थोडीच. वरच्या वरकस उतारावर नाचणी आणि वरी. उरलेली सपाट जागा खाडीकाठची, म्हणजे भरतीच्या मालकीची. ती मिळवण्यासाठी मातीचे बांध घालून त्यांत उघाडी ठेवत. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिची फळी ढकलून बाहेर पडते, भरतीला खाडीचे पाणी तीच फळी दाबून बंद करते. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघाल्यावर त्यात खाऱ्या मातीला सोसणारे भात घेतात. बांध एकदा फुटला तर मीठ पुन्हा धुऊन निघेपर्यंत शेत बाद. गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे हे काम सरकारने अंगावर घ्यावे, म्हणून १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा स्वतंत्र कायदा झाला.

पुणे-मिरज लोहमार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाल्यावर कऱ्हाडचा माल चिपळूणला उतरण्याचे कारण उरले नाही. उतारावरची झाडी तुटत गेली तसा गाळही वाढत गेला. बंदर गेले, पण गाव भरतीच्या टोकालाच राहिले. २२ जुलै २०२१ चा महापूर समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यावे लागते. वरून लोंढा येतो तेव्हा खाली भरती असेल तर तिच्या पातळीच्या वर चढल्याशिवाय त्याला वाट मिळत नाही.

त्या पुराचा दोष पुष्कळांनी कोयनेला दिला. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी वीज करून पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत सोडले जाते हे खरे आहे. बच्छावत लवादाने त्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी ठेवली. वर्षभर सारखे सोडले तर ते सेकंदाला सुमारे साठ घनमीटर भरते. आता समजा, शंभर चौरस किलोमीटर डोंगरावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी तीन कोटी घनमीटर होते, म्हणजे दिवसभराच्या सरासरीने सेकंदाला साडेतीनशे घनमीटर. वीजनिर्मिती दिवसभर सारखी नसते, ऐन मागणीच्या वेळी विसर्ग सरासरीच्या कितीतरी वर जातो, आणि पाऊसही ताशी सारखा पडत नाही. तेव्हा हा हिशेब निवाडा करण्यापुरता नाही. पण आकाशातल्या पाण्यापुढे अवजलाचे प्रमाण काय असू शकते, हे त्यावरून कळते. अवजलाचा खरा परिणाम मला उन्हाळ्यात दिसतो. पूर्वी आटणारी वाशिष्ठी आता बारमाही वाहते, आणि औद्योगिक वसाहतीला पाणी देते.

पुरानंतर गाळ काढावा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले आणि कामही सुरू झाले. गाळ काढल्याने पुराला जागा मिळते, यात शंका नाही. मात्र खाडीचा तळ खोल केला की भरतीलाही आत यायला तेवढीच मोकळीक मिळते. म्हणून किती घनमीटर गाळ निघाला याच्या जोडीला, वैशाखातल्या उधाणाच्या दिवशी खारे पाणी कोणत्या गावापर्यंत चढले, याचीही नोंद दरवर्षी ठेवायला हवी. त्यासाठी काठच्या दहाबारा विहिरींचे पाणी तपासले तरी पुरते.