खडूची खूण आणि कोल्ह्याचे मांस

क्रिएटिन घेतल्यावर उडी वाढते का, हा प्रश्न आज व्यायामशाळेत सहज विचारला जातो. पण त्यातले दोन शब्द, क्रिएटिन आणि उडी, अगदी निरनिराळ्या घराण्यांतून आले आहेत. क्रिएटिनचा शोध फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने १८३२ साली मांसाच्या अर्कात लावला आणि मांसाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. पंधरा वर्षांनी जर्मनीतल्या लीबिगने शिकारीत पळवून मारलेल्या रानकोल्ह्यांचे मांस आणि पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्याचे मांस ताडून पाहिले. धावलेल्या कोल्ह्यांत हे द्रव्य दहापट निघाले. स्नायूंचे श्रम आणि क्रिएटिन यांचा संबंध पहिल्यांदा जोडला गेला तो असा. उडीचे घराणे अमेरिकेतले. हार्वर्डच्या व्यायामशाळेचे अनेक वर्षे प्रमुख असलेल्या डडली सार्जंटने १९२१ साली माणसाची एकच शारीरिक परीक्षा सुचवली: उभ्याने वर उडी मारायची. पुढे ती भिंतीवर रुळली. बोटांना खडू लावायचा, हात ताणून एक खूण करायची, उडी मारून दुसरी, आणि मधले अंतर मोजायचे.

सार्जंटच्या मूळ मांडणीत नुसते अंतर नव्हते, माणसाचे वजन आणि उंचीही हिशेबात होती. चाचणी जगभर पसरली तेव्हा खडू आणि भिंत टिकली, वजन मात्र गळून पडले. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करताना या विसराळूपणाने फारसे बिघडत नसेल. पण क्रिएटिन तपासताना याच जागी घोळ होतो, आणि माझा सगळा मुद्दा या गळलेल्या वजनाभोवती फिरतो.

१९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी दाखवले की पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिवसातून चार ते सहा वेळा, काही दिवस घेतले की स्नायूंतला साठा खरोखर वाढतो. पाच ग्रॅम म्हणजे सुमारे किलोभर कच्च्या मांसातला ऐवज, तेव्हा जेवणातून एवढे मिळणे शक्य नाही. ज्यांचा साठा आधीच कमी होता त्यांचा सर्वाधिक वाढला. आपल्याकडच्या शाकाहारी खेळाडूंनी हे लक्षात ठेवावे, कारण त्यांचा साठा बहुधा मुळातच कमी असतो. नंतर असेही दिसले की रोज तीन ग्रॅम घेतले तरी महिन्याभरात तोच साठा गाठता येतो. मात्र या द्रव्याबरोबर स्नायूंत पाणीही शिरते. मोठ्या मात्रेने सुरुवात केली तर पहिल्या आठवड्यातच वजनकाटा किलो-दीड किलो पुढे सरकलेला दिसतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, ऐंशी किलोचा लांब उडीपटू उभ्याने ६० सेंटिमीटर उडी मारतो. आठवड्याने त्याचे वजन साडेएक्याऐंशी किलो झाले आणि पायांनी केलेले काम तेवढेच राहिले, तर ६० ला ८० ने गुणून ८१.५ ने भागायचे. उत्तर ५८.९ सेंटिमीटर. म्हणजे काहीच बिघडले नसताना उडी सेंटिमीटरभर खाली आली. उलट त्याने साठच सेंटिमीटर मारली, तर खूण जिथल्या तिथे दिसेल, पण त्याचे पाय आधीपेक्षा जास्त काम करत असतील. नुसती खूण पाहणारा म्हणेल की पैसे वाया गेले. स्नायूंबद्दल त्याचा हा निष्कर्ष चुकीचा, पण लांब उडीच्या खड्ड्यापुरता बरोबर! खड्ड्यात जादा दीड किलो घेऊनच उडावे लागते, त्याची सूट कोणी देत नाही.

गोळाफेकपटूची गोष्ट वेगळी. त्याचा ७.२६ किलोचा गोळा क्रिएटिनने जड होत नाही. इंग्लंडमधले फेक-प्रशिक्षक मॅक्स जोन्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या खेळाडूंसाठी चार चाचण्यांचा संच बांधला: उभ्याने लांब उडी, सलग तीन उड्या, तीस मीटर धाव आणि डोक्यावरून मागे गोळा फेकणे. संच बांधताना क्रिएटिन त्यांच्या मनात नव्हते, तरी आपल्या कामाला तो नेमका बसतो. पहिल्या तीन चाचण्यांत स्वतःचे शरीर हलवायचे असते, चौथीत मुख्यतः बाहेरची वस्तू. फेक वाढली आणि उडी जागच्या जागी राहिली, तर बळ वाढले पण त्याचा काही भाग नव्या वजनाने खाल्ला, असा अर्थ लावता येतो. फेकीत एक धोका आहे: मागे फेकण्याची लकब दोन-तीन आठवड्यांत नव्याने जमते आणि अंतर आपोआप वाढते. म्हणून पुडी उघडण्याआधीच अंतर स्थिरावेपर्यंत सराव झालेला हवा.

तरीही एका उडीत किंवा एका फेकीत क्रिएटिन शोधणे हे मला मुळातच चुकीचे दार ठोठावणे वाटते. क्रिएटिन फॉस्फेट जोरकस श्रमात काही सेकंदांतच भराभर खर्चते. एकच उडी तर सेकंदभरात संपते, तेवढ्याला साधा साठाही पुरतो. फरक पडायचा तो साठा आटत जाताना. इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी आधीच सार्जंटची एकटी उडी सलग उड्यांत बदलली होती. भिंतीऐवजी पायाखाली विजेची चटई आणि हवेतला वेळ मोजायचा:

h = g × t² ÷ 8

१९९७ साली त्यांनी चौदा धावपटू आणि उडीपटूंचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस रोज वीस ग्रॅम क्रिएटिन दिले, दुसऱ्याला निष्क्रिय पूड, आणि ४५ सेकंद सलग उड्या मारायला लावल्या. क्रिएटिनवाल्यांची सरासरी उंची पहिल्या पंधरा सेकंदांत सात टक्के वाढली, तर पुढच्या पंधरा सेकंदांत बारा टक्के. लीबिगचा कोल्हा आणि सार्जंटची भिंत इथे एकत्र आली असे मी मानतो. गट लहान होते, म्हणून सात आणि बारा हे आकडे देवाच्या वाक्यासारखे घेऊ नयेत. मोलाचा आहे तो त्यांचा क्रम, कारण साठा आटण्याच्या तर्काशी तो जुळतो.

प्रयोगशाळेतले लोक म्हणतील की मैदानावरच्या या चाचण्या ढोबळ आहेत. ढोबळपणा किती, हे मोजता येते. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या मोबाइलने ०.६० सेकंदांची उडी टिपली तर उंची ४४ सेंटिमीटर येते, आणि एका चित्राची चूक झाली तर फरक जेमतेम सहा मिलिमीटरचा. त्याहून मोठी लबाडी खेळाडूच्या गुडघ्यांत असते. उतरताना गुडघे दुमडले की पाय उशिरा टेकतात आणि उडी फुकटात वाढते. चित्रफितीत ते स्पष्ट दिसते, ती उडी बाद करावी. शिवाय एकाच माणसाची उडी एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलतेच. म्हणून सुरुवातीचे मोजमाप एका दिवसाचे नको, दोन-तीन आठवड्यांचे हवे. आणि सर्वोत्तम उडीपेक्षा सरासरी धरावी, कारण सर्वोत्तमात नशिबाचा वाटा जास्त असतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: सारा मनाचा खेळ असेल तर? उपाय ठाऊक आहे, कोणाला काय दिले ते लपवायचे. पण क्रिएटिन लपवणे कठीण, कारण वजनकाटाच चहाडी करतो. खेळाडूला काट्याकडे पाठ करून उभे करावे आणि आकडा दुसऱ्याने टिपावा. एकाच खेळाडूला आधी क्रिएटिन आणि मग निष्क्रिय पूड द्यायची, तर मध्ये निदान महिनाभर थांबावे लागते, कारण साठा हळूहळू ओसरतो. क्रम उलटा केला तर वाट पाहावी लागत नाही, पण क्रिएटिनच्या पाळीला दरम्यानच्या सरावाचा फायदा मिळतो. त्यापेक्षा एकाच वेळी सराव करणारे दोन गट बरे. आणि एकटाच खेळाडू असेल, तर त्याच्या वहीत उडी, सलग उड्यांचे दोन टप्पे आणि फेक यांच्या शेजारी वजनाचा रकाना आखावा, सार्जंटच्या मूळ कागदावर होता तसा.