संदेशाचे पूर्वावलोकन आणि आरंभीचे शब्द

मोबाइल फोनवर आलेला लघुसंदेश, ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश उघडण्यापूर्वी त्याचे केवळ आरंभीचे काही शब्द यादीत अथवा सूचनापट्टीत दिसतात. या दृश्य भागास पूर्वावलोकन म्हणतात. संदेशाचा निर्णायक आशय या मोजक्या शब्दांत यावा, अशा रीतीने मजकुराची रचना करणे हे संदेशलेखनातील एक तंत्र आहे. वृत्तपत्रांतील बातमीतही महत्त्वाची माहिती प्रथम दिली जाते. मात्र तेथे उर्वरित मजकूर वाचकाच्या डोळ्यांसमोरच असतो. पूर्वावलोकनात तो झाकलेला असतो आणि संदेश उघडावा की नाही, हे वाचक दिसणाऱ्या शब्दांवरूनच ठरवतो. मराठीत वाक्याचे क्रियापद व नकार बहुधा शेवटी येत असल्यामुळे या तंत्राला एक विशेष अडचण येते.

## पूर्वावलोकनात काय दिसते

मजकूर कोठे तोडायचा, हे बहुतेक ठिकाणी अक्षरसंख्येवरून नव्हे, तर पडद्यावरील उपलब्ध रुंदीवरून ठरते. त्यामुळे एकच संदेश दोन फोनांवर वेगवेगळ्या शब्दापाशी तुटू शकतो. ज्यांनी अक्षरांचा आकार मोठा ठेवलेला असतो, उदाहरणार्थ अनेक वृद्ध वाचक, त्यांना सर्वांत कमी शब्द दिसतात. म्हणून अमुक इतकी अक्षरे दिसतीलच, असे गृहीत धरता येत नाही. पहिले तीन-चार शब्द तेवढे भरवशाचे मानावे लागतात.

व्हॉट्सॲपच्या यादीत प्रत्येक संभाषणातील शेवटच्या संदेशाचा आरंभ दिसतो. गटात त्यापूर्वी पाठवणाऱ्याचे नाव येते, त्यामुळे उरलेली जागा आणखी कमी होते. सूचनेनंतर कोणी केवळ ‘ओके’ असे उत्तर दिले, तरी यादीत सूचनेच्या जागी ते उत्तर दिसू लागते. सूचना केवळ छायाचित्राच्या रूपाने पाठवली, तर ते छायाचित्र असल्याची खूण दिसते, आशय दिसत नाही.

ईमेलमध्ये प्रेषकाचे नाव, विषय आणि मजकुराचा आरंभ असे तीन भाग दिसतात. आयफोनवरील मेल ॲपमध्ये मजकुराच्या आरंभाच्या शून्य ते पाच ओळी दाखवण्याची सोय असून मूळ मांडणी दोन ओळींची असते. अग्रेषित पत्रांच्या विषयापुढे साचणारी `Fwd:` आणि `Re:` ही उपपदे याच जागेतून वजा होतात.

## मराठी वाक्यरचना आणि पूर्वावलोकन

इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याच्या लगेच नंतर येते. त्यामुळे इंग्रजी संदेशातून अभिवादन व प्रास्ताविक काढले की मुख्य विधान बरेचदा आपोआप पुढे सरकते. मराठीचा सामान्य क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा आहे. शिवाय ‘होणारी’, ‘दिलेली’, ‘असलेल्या’ यांसारखी विशेषणे नामापूर्वी येतात आणि ‘नाही’, ‘नये’, ‘नका’ हे नकार वाक्याच्या अखेरीस येतात. म्हणजे घटना घडणार की टळली, कृती करावी की करू नये, हे सांगणारा शब्द सर्वांत शेवटी असतो आणि पूर्वावलोकनात तोच प्रथम गळतो.

‘नळाचे पाणी पुढील सूचना मिळेपर्यंत उकळल्याशिवाय पिऊ नये’ या वाक्याचा आरंभ वाचून पाणी येणार की बंद राहणार, गढूळ आहे की सुरक्षित, यांपैकी काहीच कळत नाही. ‘पाणी उकळूनच प्यावे’ अशी सुरुवात केल्यास नकाराची गरजच उरत नाही आणि तीन शब्दांत कृती स्पष्ट होते. अवधी व कारण त्यानंतर सांगता येतात.

क्रियापद बळेच पुढे आणणे हा मात्र चांगला उपाय नव्हे. ‘झाली रद्द उद्याची परीक्षा’ अशी रचना मराठीत शक्य असली, तरी ती बोलीतील किंवा पद्यातील वाटते. औपचारिक सूचनेत ती खटकते. मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांची रीत येथे अधिक उपयोगी पडते. ‘परीक्षा लांबणीवर’, ‘बैठक रद्द’, ‘मुदत वाढली’ अशा मथळ्यांत नामालगत निकाल येतो व साहाय्यक क्रियापद गाळले जाते. क्रम मराठीच राहतो, मात्र नाम आणि निकाल यांमध्ये येणारी विशेषणे पुढील वाक्यात जातात.

## एक उदाहरण

मुसळधार पावसामुळे परीक्षा पुढे ढकलणाऱ्या एका काल्पनिक महाविद्यालयाची सूचना अशी आहे, असे मानू :

> नमस्कार, सर्व विद्यार्थी व पालकांना कळविण्यात येते की, मुसळधार पावसामुळे १७ जुलै रोजी सकाळी ११ वाजता होणारी प्रथम वर्षाची गणिताची परीक्षा पुढे ढकलण्यात आली आहे.

पूर्वावलोकनात ‘नमस्कार, सर्व विद्यार्थी व पालकांना…’ एवढेच दिसते. यातून काही कळत नाही, पण गैरसमजही होत नाही. आता केवळ अभिवादन, प्रास्ताविक आणि कारण काढून टाकले, तर सूचना अशी होते :

> १७ जुलै रोजी सकाळी ११ वाजता होणारी प्रथम वर्षाची गणिताची परीक्षा पुढे ढकलण्यात आली आहे.

हिचे पूर्वावलोकन ‘१७ जुलै रोजी सकाळी ११ वाजता होणारी प्रथम…’ असे असेल. ते वाचणाऱ्यास परीक्षा ठरल्या वेळी होणार असल्याची आठवण करून दिली आहे, असे वाटण्याचा संभव आहे. ज्याला तारीख आधीच ठाऊक आहे, तो संदेश उघडणार नाही आणि भर पावसात परीक्षा केंद्रावर पोहोचेल. अर्धवट सुधारणा मूळ मजकुरापेक्षा अधिक हानिकारक ठरते, ती अशी : पहिल्या मजकुराने काहीच सांगितले नव्हते, दुसऱ्याने उलटे सांगितले. तिसरी रचना अशी करता येते :

> गणित परीक्षा लांबणीवर. प्रथम वर्ष, १७ जुलै, स. ११ चा पेपर होणार नाही.

येथे पहिल्या तीन शब्दांत विषय व निर्णय दोन्ही येतात. पुढे मजकूर कोठेही तुटला, तरी दिसणाऱ्या भागाचा अर्थ खरा राहतो. हीच या तंत्राची मुख्य कसोटी होय : तुटलेला मजकूर अपुरा असला तरी चालतो, तो खोटा ठरता कामा नये. ‘लांबणीवर’ आणि ‘रद्द’ यांतील फरकही जपावा लागतो, कारण ‘रद्द’ हा शब्द आटोपशीर असला तरी विद्यार्थी अभ्यास थांबवू शकतो. ‘उद्या’ऐवजी तारीख दिली आहे, कारण संदेश दुसऱ्या दिवशी वाचला किंवा पुढे पाठवला गेला, तर ‘उद्या’चा अर्थ बदलतो.

## लघुसंदेशातील मर्यादा

लघुसंदेशात या प्रश्नाला खर्चाचीही बाजू आहे. एका लघुसंदेशाची क्षमता १४० बाइट असते. मूळ सात-बिट संचातील रोमन मजकुराची त्यात १६० चिन्हे मावतात. देवनागरीसाठी सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या यूसीएस-२ संकेतनात प्रत्येक चिन्हास दोन बाइट लागतात, म्हणून मर्यादा ७० चिन्हांवर येते. त्याहून मोठा मजकूर जोडसंदेशांत विभागला जातो आणि जोडणीची माहितीही साठवावी लागत असल्याने प्रत्येक भागात ६७ चिन्हेच उरतात.

ही मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘परीक्षा’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा वाटतो, परंतु तो प, र, ी, क, ्, ष, ा अशा सात चिन्हांचा आहे. या हिशेबाने वरील पहिल्या सूचनेतील ‘नमस्कार, सर्व विद्यार्थी व पालकांना कळविण्यात येते की,’ हे प्रास्ताविक त्यापुढील रिकाम्या जागेसह ५५ चिन्हे घेते, म्हणजे ७० पैकी १५ चिन्हेच उरतात. तिसरी सूचना मात्र संपूर्णपणे ६९ चिन्हांत बसते. तिच्यात नवी तारीख जोडली की दुसरा भाग लागतो, परंतु पूर्वावलोकनात दिसणारा आरंभ बदलत नाही.

## ईमेल आणि कार्यालयीन पत्रलेखन

मराठी कार्यालयीन पत्रात ‘विषय’ ही ओळ मजकुरापूर्वी लिहिण्याची रीत जुनी आहे. मात्र ही ओळ बहुधा ‘बाबत’ या शब्दाने संपते. ‘प्रथम वर्षाच्या गणित परीक्षेबाबत’ या विषयातून पत्र कशासंबंधी आहे हे कळते. काय ठरले, हे कळत नाही. नस्ती लावण्यासाठी हे पुरेसे असते, कारण कागद हाती घेणारा तो वाचणारच असतो. फोनवरील यादीत ‘गणित परीक्षा लांबणीवर : प्रथम वर्ष’ असा निर्णयवाचक विषय अधिक उपयुक्त ठरतो.

विषयानंतर पत्रातील पहिले वाक्य दिसते. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ असा आरंभ केल्यास ही जागा वाया जाते आणि विषयाचीच पुनरुक्ती केल्यासही तेच होते. तेथे पुढील आवश्यक माहिती, जसे नवी तारीख, द्यावी. सजवलेल्या ईमेलमध्ये सर्वांत वर ‘हे पत्र ब्राउझरमध्ये पाहा’ अशी ओळ असेल, तर पूर्वावलोकनात बरेचदा तीच उमटते. तसे होऊ नये म्हणून काही प्रेषक पत्राच्या आरंभी स्वतंत्र सारवाक्य ठेवतात.

## मर्यादा आणि गैरवापर

पूर्वावलोकन कुलूपबंद पडद्यावरही दिसू शकते, त्यामुळे ते फोनजवळच्या कोणासही वाचता येते. वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष, थकलेले कर्ज किंवा एकवेळ वापरायचा सांकेतिक क्रमांक आरंभी आल्यास गोपनीयतेस बाधा येते. अशा संदेशात ‘तपासणी अहवाल तयार’ एवढेच पुढे ठेवून तपशील संदेश उघडल्यावर वाचता येईल अशा ठिकाणी देणे योग्य ठरते. निधनवार्तेसारख्या संदेशातही वाचकाची मनःस्थिती लक्षात घेऊन हे तंत्र टाळले जाते.

‘तातडीचे’, ‘महत्त्वाची सूचना’ हे शब्द आरंभी घातल्याने आशय पुढे येत नाही. केवळ दोन शब्दांची जागा जाते आणि वारंवार वापराने वाचक त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो. फसवणूक करणारेही याच जागेचा उपयोग करतात. आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल, अशी धमकी देऊन एखाद्या क्रमांकावर संपर्क साधण्यास सांगणाऱ्या बनावट संदेशांविषयी महावितरणने ग्राहकांना सावध केले आहे.

## तपासणी

संदेश पाठवण्यापूर्वी पहिले चार-पाच शब्द वगळता उर्वरित मजकूर झाकून, विषयाची कल्पना नसलेल्या व्यक्तीस तो वाचून दाखवता येतो. त्या व्यक्तीने लावलेला अर्थ प्रत्यक्ष निर्णयाच्या विरुद्ध असेल, तर नाम व निकाल यांमध्ये आलेली विशेषणे मागे नेणे आवश्यक असते. तो संदेश स्वतःच्या दुसऱ्या क्रमांकावर पाठवून, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवून पाहिल्यास तो कोठे तुटतो हे प्रत्यक्ष दिसते. संदेश पोहोचल्यानंतरही ‘पेपर आहे का?’ अशी विचारणा होत राहणे, हे रचना फसल्याचे लक्षण होय. उत्तर संदेशात असते, परंतु पूर्वावलोकनात पोहोचलेले नसते.