एप्रिल 2020 चा स्लॅब

अल मलाझमधल्या आमच्या खोल्यांवर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की एक सल्ला हमखास दिला जातो. एमपीएससीत तीन-चार वर्षं घालवून इथल्या नोकरीची चौकशी करणाऱ्या पोराला जुनी मंडळी फोनवर सांगतात, "गॅप दाखवू नकोस रे. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचं लेटरहेड घे आणि साइट इंजिनिअर लाव." रियाधची ही वस्ती 1950 च्या दशकात जेद्दाहून आलेल्या सरकारी नोकरांसाठी उभारली होती. सरकारी नोकरी हुकलेल्यांची चर्चा नेमकी इथेच रंगावी, याची मला गंमत वाटते.

सल्ला देणारे मूर्ख नाहीत. इथल्या मॅनेजरला राज्यसेवा म्हणजे काय हे माहीत नसतं, तेव्हा कोरी वर्षं दिसली की तो माणूस बाजूला काढतो, असं ते म्हणतात. शिवाय पाच वर्षांहून कमी अनुभवाच्या परदेशी इंजिनिअरची भरती करायची नाही, असं 2018 मध्ये इथे ठरलं. तीन वर्षं साइटवर आणि चार वर्षं सदाशिव पेठेत काढलेल्या मुलाने त्या चारातली दोन साइटवर ढकलली की हिशेब जमतो. मोह होतो तो इथेच.

अशीच एक मुलाखत आमच्या कंपनीने ऑनलाइन घेतली होती आणि प्रश्न विचारणाऱ्यांत मी होतो. मुलगा लातूरकडचा. 2015 ते 2018 साइट आणि 2018 ते 2022 पुन्हा साइट, असं कागदावर होतं. पहिल्या तीन वर्षांवर तो सळसळून बोलला. क्यूब टेस्टचा निकाल कमी आला तेव्हा काय केलं, शटरिंग कधी काढलं, सगळं सांगितलं. दुसऱ्या खंडावर आलो तशी भाषा पातळ झाली. "सुपरव्हिजन", "को-ऑर्डिनेशन", पुढे काही नाही. मी सहज विचारलं, एप्रिल 2020 मध्ये साइटवर काय चाललं होतं? तो म्हणाला, "चौथ्या मजल्याचा स्लॅब." टाळेबंदीत, महिन्याच्या पूर्वार्धात सगळा देश बंद असताना! त्याच्या लक्षात आलं आणि पुढे आवाजच फुटेना.

माझा आक्षेप नीतीचा नाही, कामाचा आहे. खोटा अनुभव पकडायला गुप्तहेर लागत नाही. पीएफच्या पासबुकात त्या वर्षांची नोंद नसते, बँकेत पगार आलेला नसतो आणि माणसाला साइटवरच्या अडचणी आठवत नाहीत. वाईट म्हणजे, एकदा दुसरा खंड खोटा ठरला की पहिल्या खंडातली खरी तीन वर्षंही संशयात जातात. त्या मुलाचं तेच झालं.

मग सांगायचं काय? परीक्षेने शिस्त आणि जिद्द शिकवली, हे भाषण तर मुळीच नको. तेही एक प्रकारचं लेटरहेडच. मॅनेजरला अपयशाचं फारसं पडलेलं नसतं. त्याला दोन भीती असतात. एक, व्हिसा, इकामा आणि वर्क परमिटवर खर्च केल्यावर हा पुढच्या निकालात नाव लागलं म्हणून परत जाईल. दुसरी, चार वर्षांत हात गंजला असेल. उत्तर त्या दोन भीतींनाच हवं, आणि ते दोन ओळींत बसतं: "2018 ते 2022, राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण, मुख्य नाही. 2022 नंतर अर्ज भरलेला नाही, निकाल बाकी नाही." खालच्या ओळीत त्यानंतर केलेलं तांत्रिक काम. वर्षं का लांबली असं विचारलंच, तर तारखाच बोलतात. 5 एप्रिल 2020 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. त्याआधी 14 मार्चची तारीखही ऐनवेळी, 11 तारखेला रद्द झाली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. हॉल तिकिटं जपलेली असतील तर हा पुरावा हातात असतो.

प्रामाणिक उत्तरालाही मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. तीनाचे पाच त्याने होत नाहीत. म्हणून काहीजण टेक्निशियनच्या व्हिसावर येतात आणि काम इंजिनिअरचं करतात. इकाम्यावरचा हुद्दा वेगळा राहिला की इथल्या अभियंता परिषदेची नोंदणी अडते आणि माणूस पगारातही तिथेच अडकतो.

लातूरच्या मुलाने तो रस्ता धरला नाही. सप्टेंबर 2022 पासून तो पुण्याजवळच्या एका साइटवर होता, पण ती नोकरी त्याने आम्हाला दाखवलीच नव्हती, कारण पगार कमी होता. मुलाखत फसल्यावर तिथेच राहिला. 2024 अखेर त्याने पुन्हा अर्ज केला तेव्हा कागदावर तीन वर्षं, मग राज्यसेवेच्या त्या दोन ओळी, मग दोन वर्षं होती. मॅनेजरने मधल्या ओळींवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "परत परीक्षा देणार?" तो "नाही" म्हणाला, आणि पुढचा प्रश्न बार बेंडिंग शेड्यूलवर गेला.