अर्बुदातील ऑक्सिजनन्यूनता

कर्करोगाची गाठ रक्तवाहिन्यांच्या वाढीस मागे टाकून फोफावली असता तिच्या काही भागांस ऑक्सिजन अपुरा पडतो, त्या अवस्थेस ही संज्ञा आहे. १९५५ मध्ये ब्रिटनमधील टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासले, तेव्हा रक्तपुरवठा करणाऱ्या ऊतीपासून सुमारे ०.१५ ते ०.१८ मिलिमीटरपलीकडील पेशी मृत आढळल्या. प्रारण चिकित्सेच्या दृष्टीने मात्र खरा उपद्रव या मृतांचा नसून, त्यांच्या सीमेवर अर्धपोटी जगणाऱ्या पेशींचा असतो.

क्ष-किरणांमुळे पेशीच्या डीएनएवर निर्माण होणाऱ्या मुक्त मूलकांशी ऑक्सिजन तत्काळ संयोग पावला, तर इजा कायम होते. तो नसल्यास ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये हायड्रोजन देऊन ती बऱ्याच अंशी भरून काढतात. म्हणून सुपोषित पेशींवर २ ग्रे मात्रेने जो परिणाम होतो, त्यासाठी ऑक्सिजनविरहित पेशींना ५ ते ६ ग्रे लागतात, आणि तेवढी मात्रा शेजारच्या निरोगी ऊतींस सोसवत नाही.

मात्रा अनेक दिवसांत विभागून देण्याच्या प्रघातामुळे, सुपोषित पेशी मेल्यावर उरलेल्यांस ऑक्सिजन पोहोचून त्या पुढील किरणांस वश होतात. परंतु हे पुनःपोषण सर्वच गाठींत पुरेसे होत नाही. म्हणून किरणांच्या जोडीला ऑक्सिजनची जागा घेणारे निमोराझोल हे औषध डेन्मार्कमध्ये डोके व मान यांच्या कर्करोगात रूढ झाले आहे.